एकाच सेकंदाला सुरू झालेले दोन प्रोग्राम तेच आकडे का देतात

प्रश्न: मूर्तिजापूर तालुक्यात आमची शेतकरी उत्पादक कंपनी आहे, सोयाबीनची खरेदी करतो. ओलावा तपासायला कोणत्या पोत्यात परखी मारायची, ते एक छोटा सी प्रोग्राम ठरवतो. त्यात srand(time(NULL)) लिहिलं आहे. काटे दोन आहेत, म्हणून एकाच बॅच फाइलवर डबल-क्लिक करून तोच प्रोग्राम दोनदा चालू करतो. बहुतेक वेळा दोन्ही काट्यांवर पोत्यांचे हुबेहूब तेच नंबर येतात. कधीमधी वेगळे येतात, पण तेव्हाही पहिला नंबर अगदी जवळचाच असतो. असं काऊन होते? विंडोज आहे, व्हिज्युअल सी आहे.

उत्तर:

भाऊ, rand() नशिबाने आकडे काढत नाही, तो हिशेब करतो. प्रोग्रामच्या मेमरीत एक आकडा ठेवलेला असतो. दर वेळी rand() बोलावलं की त्या आकड्याला एका ठरलेल्या आकड्याने गुणायचं, त्यात दुसरा ठरलेला आकडा मिळवायचा, उत्तर परत त्याच जागी ठेवायचं आणि त्यातला एक तुकडा तुम्हाला द्यायचा, एवढंच त्याचं काम. मायक्रोसॉफ्टच्या सी लायब्ररीत ते काम असं होतं:

```c
state = state * 214013 + 2531011;
return (state >> 16) & 0x7fff;
```

state ३२ बिटांचा आहे, त्यामुळे गुणाकार त्याहून मोठा झाला की वरचे बिट गळून पडतात. खालचे १६ बिट बाजूला सारून त्यावरचे १५ बिट तुमच्या हाती येतात, म्हणून हे rand() ० ते ३२७६७ एवढंच देतं. यात कुठेही हवा, तापमान, माऊसची हालचाल असलं बाहेरचं काही येत नाही. सुरुवातीला state मध्ये काय होतं, त्यावरच पुढची सगळी रांग ठरते. ती सुरुवात म्हणजे सीड, आणि srand() ते सीड state मध्ये ठेवतं. दोन प्रोग्रामना एकच सीड मिळालं की पहिल्यापासून शेवटच्या आकड्यापर्यंत रांग तीच येणार. एकदाही फरक पडणार नाही.

आता तुमचं सीड कुठून येतं ते पाहू. time(NULL) हे १ जानेवारी १९७०च्या मध्यरात्रीपासून, ग्रीनिचच्या वेळेनुसार, किती सेकंद झाले ते सांगतं. पूर्ण सेकंद, अपूर्णांक नाही. १८ नोव्हेंबर २०२४ला सकाळी आपल्या घड्याळात बरोबर दहा वाजले तेव्हा हा आकडा १७३१९०४२०० होता. दहा वाजून शून्य मिलिसेकंदाला विचारा किंवा ९९९ मिलिसेकंदाला विचारा, उत्तर हेच मिळतं. पूर्ण एक सेकंदभर हा आकडा जागचा हलत नाही, आणि संगणकासाठी एक सेकंद हा फार मोठा काळ आहे. तुमची बॅच फाइल अशी असणार:

```
start kata.exe 1
start kata.exe 2
```

start चालू केलेला प्रोग्राम संपायची वाट पाहत नाही. पहिल्याला चालू करून लगेच दुसऱ्याकडे वळतं. दोघांच्या सुरुवातीत समजा ५० मिलिसेकंदांचं अंतर पडलं, म्हणजे सेकंदाचा विसावा भाग. तुम्ही डबल-क्लिक सेकंदाच्या कोणत्या टप्प्यावर करता ते काही ठरलेलं नसतं. म्हणून २० पैकी १९ वेळा दोन्ही प्रोग्राम एकाच सेकंदात पडतात, आणि एखाद्या वेळी घड्याळाचा सेकंद नेमका त्या दोघांच्या मधे उलटतो. तुमचं 'बहुतेक वेळा तेच, कधीमधी वेगळे' हे यातूनच येतं. संगणक जुना असेल, अँटिव्हायरस प्रत्येक प्रोग्राम तपासून मगच सोडत असेल, तर मधलं अंतर वाढतं आणि 'वेगळे' येण्याचं प्रमाणही तेवढं वाढतं. पण याला सुधारणा म्हणू नका, कारण खरी गंमत पुढे आहे.

वरच्याच वेळेचं उदाहरण हाताने सोडवून पाहू. प्रत्येक काट्यावर २०० पोती आहेत आणि नंबर rand() % 200 + 1 असा काढता, असं धरतो. सीड १७३१९०४२००. पहिल्या गुणाकार-बेरजेनंतर state होतं २९२८३७५४०३, त्यातून rand() देतं ११९१५, म्हणजे पोतं नंबर ११६. दुसऱ्यांदा येतं २५४०१, म्हणजे पोतं २. तिसऱ्यांदा ७५५०, म्हणजे पोतं १५१. त्या सेकंदात सुरू झालेला प्रत्येक kata.exe ११६, २, १५१ हीच यादी देईल, मग तो तुमच्या गोदामातला असो की दुसऱ्या जिल्ह्यातला, फक्त लायब्ररी तीच हवी आणि दोन्ही घड्याळं जुळलेली हवीत.

आता दुसरा प्रोग्राम पुढच्या सेकंदात पडला असं समजा. त्याचं सीड १७३१९०४२०१, फक्त एकाने जास्त. सीडमध्ये एकाचा फरक असेल तर पहिल्या गुणाकारानंतर state मध्ये नेमका २१४०१३चा फरक पडतो, कारण गुणक तोच आहे आणि मिळवायचा आकडा दोघांनाही सारखाच. मग आपण खालचे १६ बिट टाकून देतो, म्हणजे ६५५३६ने भागतो. २१४०१३ भागिले ६५५३६ हे सव्वातीनच्या जरासं वर येतं. म्हणून पहिल्या आकड्यात फरक पडणार तो ३ किंवा ४चाच, तिसरी शक्यताच नाही. आपल्या उदाहरणात दुसऱ्या प्रोग्रामचा पहिला आकडा ११९१८ येतो आणि पोतं येतं ११९. त्यापुढच्या सेकंदाला सुरू केला असता तर १२२, त्यापुढच्या सेकंदाला १२६. तुम्हाला दिसलेला 'जवळचाच नंबर' तो हा. फक्त २०० ओलांडून परत १ वर येण्याच्या जागी, किंवा ३२७६७ वरून ० वर येण्याच्या जागी, तो दूर दिसेल.

दुसऱ्या नंबरापासून याद्या एकदम वेगळ्या वाटतात. एकीकडे पोतं २, तर दुसरीकडे ३३८२ या आकड्यावरून पोतं १८३. इथे पुष्कळ जण समाधान मानतात आणि थांबतात. पण तोच हिशेब पुढे न्या. दोन state मधला फरक दर पायरीला पुन्हा २१४०१३ने गुणला जातो आणि त्यात सीडचा काही संबंध उरत नाही. म्हणजे लागोपाठच्या दोन सेकंदांत सुरू झालेल्या प्रोग्रामच्या दुसऱ्या आकड्यांत फरक कायम १०७४८ किंवा १०७४९ एवढाच असतो, ३२७६८ ओलांडलं की परत शून्यापासून मोजून. आपल्याच आकड्यांवर ताळा करा: २५४०१ अधिक १०७४९ म्हणजे ३६१५०, त्यातून ३२७६८ वजा केले की ३३८२. बरोबर जुळलं. तिसऱ्या, चौथ्या आकड्यालाही असाच ठरलेला फरक आहे, वर्षातला कोणताही दिवस घ्या. डोळ्यांना या दोन याद्या स्वतंत्र दिसतात, पण एक हाती असली तर दुसरी जवळपास पूर्ण मांडता येते.

याच्या उलटही होतं, आणि ते जास्त फसवं आहे. काटा एकवर २०० पोती आणि काटा दोनवर १५० पोती असतील, तर ११९१५, २५४०१, ७५५० या त्याच आकड्यांतून पहिल्या काट्याला ११६, २, १५१ मिळतात आणि दुसऱ्याला ६६, ५२, ५१. कागदावर पाहणारा म्हणेल की आज बरोबर चाललं. प्रत्यक्षात रांग तीच आहे, भागाकार तेवढा वेगळा. म्हणून तपासताना पोत्यांचे नंबर एकमेकांशी ताडून पाहू नका. सुरुवातीलाच सीड आणि rand() चे पहिले चार-पाच कच्चे आकडे, भाग न लावता, एका फाइलमध्ये लिहून घ्या. दोन्ही फाइलींत सीड तेच दिसलं की निदान झालं. आपण धरलेलीच लायब्ररी वापरात आहे का, हेही असंच पाहता येतं: srand(1) दिल्यावर मायक्रोसॉफ्टच्या लायब्ररीत पहिले तीन आकडे ४१, १८४६७, ६३३४ येतात. लिनक्सवर त्याच srand(1) ला पहिला आकडा १८०४२८९३८३ येतो, कारण तिथलं गणित निराळं आहे. तिथे शेजारच्या सेकंदांचे पहिले नंबर असे चिकटून येत नाहीत, पण एकाच सेकंदातले दोन प्रोग्राम तिथेही एकसारखेच चालतात.

हे पाहताना srand() कुठे लिहिलं आहे तेही बघा. ते main() च्या सुरुवातीला एकदाच हवं. पोतं निवडणाऱ्या फंक्शनच्या आत असेल, तर एका सेकंदात ते फंक्शन जितक्यांदा चालेल तितक्यांदा रांग परत पहिल्या आकड्यावर जाईल आणि यादीभर एकच पोतं छापलं जाईल. तुमच्याकडे तसं होत नाही, पण दुरुस्ती करायला घेतलेले लोक srand() नेमकं तिथेच हलवतात.

आता उपाय. सर्वांत आधी कोणीतरी सुचवेल की बॅच फाइलमध्ये मधे timeout /t 1 टाका. तेवढ्याने यादी हुबेहूब तीच यायची थांबेल, पण सीडमध्ये एकाचा किंवा दोनाचा फरक राहील आणि वर सांगितलेलं नातं कायम राहील. दहा सेकंद थांबवलं तर पहिले कच्चे आकडे ३२ किंवा ३३ने सरकतील. थांबण्याने आकडे स्वतंत्र होत नाहीत.

दुसरा नेहमीचा उपाय म्हणजे srand(time(NULL) + kata), म्हणजे वेळेत काट्याचा नंबर मिळवणे. एकाच सेकंदात सुरू झाले तर सीड वेगळे होतात, हे खरं. पण काटा दोन आधी सुरू झाला आणि काटा एक पुढच्या सेकंदाला, तर पहिल्याचं सीड वेळ अधिक २ आणि दुसऱ्याचं वेळ अधिक १ अधिक १. पुन्हा तेच सीड. आज जी टक्कर एकाच सेकंदात होत होती, ती एक सेकंद पुढे सरकली इतकंच. प्रोसेस आयडी वेळेत मिसळला तर एका मशीनवर एकाच सेकंदाला सुरू झालेले दोघे नक्की वेगळे पडतात, कारण चालू असलेल्या दोन प्रोग्रामना एकच आयडी नसतो. पण दोन वेगळी मशीन असतील किंवा सेकंद वेगळे असतील तर ती खात्री राहत नाही, आणि शेजारच्या सीडांचं नातं तर राहतंच. मिलिसेकंदांचं घड्याळ वापरावं म्हणाल, तर विंडोजचं GetTickCount() साधारण १० ते १६ मिलिसेकंदांच्या उड्या मारतं, मधले आकडे देत नाही. वेगवान मशीनवर दोन प्रोग्राम एका उडीच्या आत सुरू होऊ शकतात.

या सगळ्या उपायांत घड्याळच पुन्हा पुन्हा ताणलं जातं. माझं स्पष्ट मत आहे की सीडसाठी घड्याळ वापरणं सोडून द्यावं. ऑपरेटिंग सिस्टिम स्वतः अनिश्चितता जमवून ठेवते आणि मागेल त्या प्रोग्रामला त्यातून नवा आकडा देते. दोघांनी एकाच क्षणी मागितलं तरी दोघांना वेगवेगळं मिळतं, कारण वाटप एकाच ठिकाणाहून होतं. व्हिज्युअल सीमध्ये त्यासाठी rand_s() आहे:

```c
#define _CRT_RAND_S
#include <stdlib.h>
#include <stdio.h>

int main(void)
{
    unsigned int seed;
    if (rand_s(&seed) != 0)
        return 1;
    srand(seed);
    /* इथे पोत्यांची निवड */
    printf("seed %u\n", seed);
    return 0;
}
```

_CRT_RAND_S ची ओळ stdlib.h च्या वरच हवी, खाली लिहिली तर कंपायलरला rand_s() दिसणार नाही. rand_s() शून्याखेरीज काही परत देत असेल तर प्रोग्राम थांबवा. तिथे 'नाही मिळालं तर time() वापरू' असा आडमार्ग ठेवू नका, कारण तो मार्ग नेमका कधी वापरला गेला ते नंतर कोणालाच कळत नाही. लिनक्सवर हेच काम sys/random.h मधलं getrandom() करतं. अशा सीडमध्ये दोन काट्यांची रांग जुळण्याची शक्यता साधारण दोन अब्जांत एक उरते. चार अब्ज का नाही, तर या गणितात state चा सर्वांत वरचा बिट तुमच्या आकड्यांपर्यंत कधी पोचतच नाही.

मग प्रत्येक पोत्यासाठी थेट rand_s() च का वापरू नये? वापरता येईल. पण तुमच्या कामात मला सीड घेऊन ते नोंदवून ठेवणं जास्त पटतं. एखादा शेतकरी म्हणाला की माझीच ओली पोती मुद्दाम काढली, तर तुम्ही त्या दिवसाचं सीड परत देऊन त्याच्यासमोर तीच यादी पुन्हा काढून दाखवू शकता. ओलाव्याचा काटा १२ टक्क्यांच्या अलीकडे आहे की पलीकडे, यावर त्याचा भाव किंवा माल परत जाणं ठरतं. तेव्हा निवड तपासता येणं त्याच्याही हिताचं आहे आणि तुमच्याही. म्हणून सीड पावतीच्या नोंदीत ठेवा, फक्त यादी निघेपर्यंत ते बाहेर दिसू देऊ नका. तुमची यादी एकदम छापली जात असेल तर पहिल्या दोन-तीन नंबरांवरून पुढचे ताडून घ्यायला कोणाला सवडही मिळत नाही.

घड्याळाच्या सीडमध्ये नेमका हाच धोका होता, आणि दोन याद्या सारख्या येण्यापेक्षा मला तो मोठा वाटतो. प्रोग्राम किती वाजता चालतो हे ज्याला माहीत आहे, त्याच्यापुढे एका मिनिटात फक्त ६० सीड असतात. साठ याद्या आधीच काढून ठेवता येतात, आणि कोणत्या थप्पीत ओली पोती लावली तर ती निवडली जाण्याची शक्यता कमी, ते त्यातून दिसतं. तुमच्याकडे कोणी असं करेल असं मी म्हणत नाही, पण हे घडू शकतं याचा धडा मोठ्या कंपन्यांनीही घेतला आहे. १९९५ मध्ये बर्कलीच्या इयान गोल्डबर्ग आणि डेव्हिड वॅग्नर यांनी दाखवून दिलं की नेटस्केप ब्राउझर आपली गुप्त किल्ली दिवसाची वेळ, प्रोसेस आयडी आणि त्याला सुरू करणाऱ्या प्रोसेसचा आयडी यांतूनच बनवतो. किल्ली १२८ बिटांची असली तरी ओळखायची ती वेळ आणि आयडी एवढंच होतं, आणि त्यांनी ते काही सेकंदांत ओळखून दाखवलं.

पुढेमागे कोणी हा प्रोग्राम पायथॉनमध्ये लिहायला घेतला, तर तिथे random ला सीड न देणंच योग्य. तो आपोआप ऑपरेटिंग सिस्टिमकडून घेतो. कोणी हौसेने random.seed(int(time.time())) लिहिलं की हाच दोष परत येईल, तेवढी ओळ शोधून काढून टाका. जुन्या डॉट नेट फ्रेमवर्कमध्ये new Random() हे टिक मोजणाऱ्या घड्याळावरून सीड घेतं, तिथे लागोपाठ बनवलेले दोन Random सारखेच चालतात.

राहिली एक गोष्ट, जी आपल्या भागात विशेष दिसते. लाइन गेली, यूपीएस संपला, संगणक बंद पडला. मदरबोर्डवरची सीमॉस बॅटरी, ती गोल सीआर २०३२, संपलेली असेल तर लाइन आल्यावर घड्याळ दर वेळी बायोसमध्ये ठरलेल्या त्याच जुन्या तारखेपासून सुरू होतं. प्रोग्राम विंडोजच्या स्टार्टअपमध्ये ठेवला असेल, तर तो चालू झाल्यापासून जवळपास तितक्याच सेकंदांनी धावतो. इंटरनेटवरून वेळ जुळायच्या आधीच srand(time(NULL)) चालून गेलेलं असतं, आणि मग सोमवारची यादी बुधवारी परत येते. अशा वेळी दोन काट्यांच्या याद्या ताडून काही सापडत नाही, वेगवेगळ्या दिवसांच्या याद्या ताडाव्या लागतात. सीडच्या नोंदी असतील तर हे एका नजरेत कळतं: २०२४च्या पुढच्या कोणत्याही दिवसाचं घड्याळावरून घेतलेलं सीड १७० कोटींच्या वर असायला हवं, त्याखालचं दिसलं तर घड्याळ मागे आहे. rand_s() लावल्यावर निवडीपुरता हा प्रश्न मिटतो, पण बॅटरी तरी बदलून घ्या, कारण त्याच घड्याळाची तारीख तुमच्या पावतीवरही छापली जाते.

दुरुस्ती झाली की बॅच फाइल लागोपाठ दहा-वीस वेळा चालवा आणि सीडच्या दोन्ही फाइली शेजारी ठेवून पाहा. कुठेही दोन सीड सारखे किंवा एक-दोनाच्या फरकाने दिसले, तर कुठल्या तरी फोल्डरमधला जुनाच kata.exe चालतो आहे असं समजा आणि बॅच फाइलमधला मार्ग तपासा.